दात पांढरे करायचेत? आधी डाग कुठे आहे ते पाहा

निरोगी दात कागदासारखा पांढरा नसतो. दाताचं बाहेरचं आवरण, म्हणजे इनॅमल, अर्धपारदर्शक असतं. त्याच्या खालचं डेंटिन मुळातच पिवळसर असतं आणि आपल्याला दिसतो तो बराचसा त्याचाच रंग. सुळ्यांमध्ये डेंटिन जाड असतं, म्हणून चारचौघांचे सुळे शेजारच्या दातांपेक्षा पिवळे दिसतात. तो रोग नाही. वय वाढतं तसं इनॅमल झिजतं, डेंटिन जाड होत जातं आणि दात आणखी पिवळे वाटू लागतात.

त्यामुळे खसाखसा घासून दात पांढरे होतील हा हिशेब चुकतो. इनॅमल हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ आहे खरा, पण त्यात जिवंत पेशी नसतात. हाड मोडलं तर जुळतं, त्वचा कापली तर भरून येते. इनॅमल एकदा घासून गेलं की परत येत नाही. घासून ते पातळ केलंत तर खालचा पिवळा रंग उलट जास्त दिसतो.

पायरी पहिली: खिडकीपाशी आरसा घेऊन उभे राहा

बाथरूमच्या पिवळ्या दिव्याखाली काहीच कळत नाही. सकाळच्या उजेडात, लिपस्टिक पुसून, ओठ वर उचलून बघा. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजूही बघा.

हिरडीलगत आणि दोन दातांच्या फटीत तपकिरी-काळे, धब्ब्यांसारखे डाग असतील तर ते वरचे आहेत. चहा, कॉफी, पान, तंबाखू, गुटखा, मशेरी, लोहाचं पातळ औषध, किंवा हिरड्यांसाठी दिलेला क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश सांगितल्यापेक्षा जास्त दिवस वापरणं, ही त्यांची नेहमीची कारणं.

दात गुळगुळीत आहेत, पण सगळेच सारखे पिवळट आहेत? मग रंग आतला आहे. ब्लीचिंगला, म्हणजे औषधी जेल लावून दात उजळवण्याला, सगळ्यात चांगली दाद देणारा रंग हाच.

लहानपणापासून दोन्ही बाजूंच्या दातांवर सारखेच खडूसारखे पांढरे ठिपके किंवा तपकिरी पट्टे असतील, तर फ्लोरोसिसचा विचार करावा लागतो. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. दर लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असलेलं पाणी लहानपणी प्यायलं, तर दात तयार होतानाच इनॅमल नीट घडत नाही. अशा दातांवर ब्लीचिंग केलं की सुरुवातीला पांढरे ठिपके आणखी ठळक दिसतात, आणि पेशंट घाबरतो. इथे मायक्रोअब्रेजन, म्हणजे सौम्य आम्ल आणि बारीक पूड वापरून इनॅमलचा अगदी पातळ थर डॉक्टरने काढणं, किंवा पातळ रेझिन ठिपक्यात मुरवणं, हे उपाय ब्लीचिंगच्या जोडीने करावे लागतात. घरी करायचं हे काम नाही.

राखाडी-निळसर आडवे पट्टे दिसले तर लहानपणी टेट्रासायक्लिन गटातलं औषध घेतलं होतं का, हे आईला विचारा. असे डाग महिनोन् महिने ब्लीच करूनही पूर्ण जातातच असं नाही.

आणि एकच दात काळपट झाला असेल तर जेल, पट्टी, पेस्ट यांतलं काहीही लावू नका. लहानपणी पडल्याचा मार असेल, नस मेली असेल. आधी एक्स-रे. गरज असेल तर रूट कॅनाल होतं आणि मग औषध दाताच्या आतून भरून तो एकच दात उजळवता येतो.

पायरी दुसरी: आधी स्केलिंग

पांढरे दात हवेत म्हणून आलेल्या बऱ्याच जणांचं काम स्केलिंग आणि पॉलिशिंगवरच भागतं. वरचे डाग आणि कीटण निघालं की दाताचा स्वतःचा रंग दिसतो आणि तो अनेकदा पुरेसा चांगला असतो. ब्लीचिंग करायचंच असेल तरी कीटणाच्या थरावर जेल लावून उपयोग नाही. ते दातापर्यंत पोचणारच नाही.

'दात साफ केले की हलायला लागतात' हे घरोघरी ऐकायला मिळतं. होतं ते असं: वर्षानुवर्षं साचलेल्या कीटणाने हिरडी खाली ढकललेली असते आणि फटी कीटणानेच भरलेल्या असतात. ते काढलं की फट जिभेला लागते, थंड पाणी चार दिवस झोंबतं. दात आधीच सैल झालेला असतो, फक्त कीटणाच्या भिंतीने धरलेला असतो. स्केलिंगचं यंत्र कंप पावणाऱ्या टोकाने कीटण उडवतं. दात घासून पातळ करत नाही.

मशेरी लावणाऱ्यांना मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू, दंतमंजन नव्हे. ती चालू ठेवून ब्लीचिंगवर पैसे घालवू नका. डाग महिन्याभरात परत येतील, आणि गालाच्या आत पांढरा चट्टा असेल तर दातांच्या रंगाआधी तो दाखवायला हवा.

लिंबू, कोळसा, राखुंडी

यातलं लिंबू सगळ्यात घातक. इनॅमल साधारण ५.५ पीएचच्या खाली विरघळायला लागतं, आणि लिंबाच्या रसाचा पीएच दोनच्या आसपास असतो. लिंबू आणि मीठ चोळलं की दात लगेच स्वच्छ वाटतात, कारण वरचा थर आम्लाने मऊ होतो आणि मीठ तो खरवडून काढतं. त्या दिवशी फरक दिसतो. वर्ष-दोन वर्षांत हिरडीपाशी खाचा पडतात, गार पाणी सहन होत नाही आणि दात आधीपेक्षा पिवळे दिसतात. कोळशाच्या काळ्या पेस्टा आणि राखुंडी वरचा डाग थोडाफार घासून काढतात, पण आतल्या रंगावर त्यांचा काही परिणाम होत नाही. शिवाय कोळशाचे कण दातात भरलेल्या जुन्या सिमेंटच्या कडेला जाऊन बसतात आणि तिथे काळी रेघ उमटते. तेलाच्या गुळण्यांनीही रंग बदलत नाही. इनॅमलला त्यांचा धोका नाही, एवढंच म्हणता येईल.

याच कारणाने, सोलकढी, लिंबू सरबत किंवा चिंचेचं काही खाल्ल्यावर लगेच ब्रश करू नका. साध्या पाण्याने चूळ भरा, अर्धा-पाऊण तास जाऊ द्या.

दुकानात मिळणाऱ्या गोष्टी

'व्हाइटनिंग' लिहिलेल्या बहुतेक पेस्टा वरचा डाग घासण्याचंच काम करतात. काहींत निळा किंवा जांभळा रंग असतो. पांढऱ्या सदऱ्याला नीळ दिल्यावर पिवळेपणा झाकला जातो, तोच प्रकार. काही तास दात उजळ दिसतात, मग रंग धुऊन जातो. फोटोच्या दिवशी वापरायला हरकत नाही.

दातांवर चिकटवायच्या पट्ट्यांमध्ये खरोखर पेरॉक्साइड, म्हणजे ब्लीचिंगचं औषध, असलं तर त्या काम करतात. अडचण अशी की पट्टी सपाट असते आणि दात वाकडेतिकडे. पुढे आलेला दात उजळतो, मागे दबलेला तसाच राहतो, आणि जेल हिरडीवर ओघळतं. ऑनलाइन मागवलेल्या पाकिटावर पेरॉक्साइडचं प्रमाण लिहिलेलं नसेल तर ते घेऊ नका. युरोपीय संघातल्या देशांत राहणाऱ्यांसाठी: तिथे ०.१ टक्क्याहून जास्त हायड्रोजन पेरॉक्साइड असलेली दात उजळवणारी वस्तू थेट ग्राहकाला विकता येत नाही. त्यापुढे ६ टक्क्यांपर्यंतची फक्त दंतवैद्याकडून मिळते आणि १८ वर्षांखालच्यांसाठी ती वापरता येत नाही.

खुर्चीत बसून, एका तासात

याची जाहिरात सगळ्यात जास्त. हिरडीवर संरक्षक रेझिनची कड लावतात, ओठ-गाल बाजूला धरतात आणि २५ ते ४० टक्के ताकदीचं हायड्रोजन पेरॉक्साइड पंधरा-वीस मिनिटांच्या दोन-तीन फेऱ्यांत दातांवर लावतात. वर निळा दिवा असला तर दिसायला भारी वाटतं, पण दिव्यामुळे टिकाऊ रंगात फारसा जास्तीचा फरक पडत नाही.

खुर्चीतून उठताना आरशात दिसतो तो सगळा फरक ब्लीचिंगचा नसतो. तासभर तोंड उघडं राहिल्याने दात कोरडे पडलेले असतात आणि कोरडा दात पांढरा दिसतो. तोंड दहा मिनिटं उघडं ठेवून तुम्ही स्वतःच हे पाहू शकता. लाळेने दात पुन्हा ओले झाले की एक-दोन दिवसांत रंग थोडा उतरतो. म्हणून 'लगेच आठ शेड उजळ' या आकड्यावर जाऊ नका, दोन आठवड्यांनी काय दिसतं ते विचारा. घाई असेल तर हा मार्ग ठीक आहे, पण सणक जास्त बसते. औषध इतकं तीव्र असतं की कड नीट लागली नाही तर हिरडी पांढरी पडून भाजते. म्हणून ब्युटी पार्लरमध्ये किंवा मॉलच्या स्टॉलवर हे करून घेऊ नका, दंतवैद्याकडेच करा.

ट्रे आणि सौम्य जेल: माझी पसंती

१९८९ मध्ये हेवूड आणि हायमन या दोन अमेरिकन दंतवैद्यांनी रात्री ट्रे घालून झोपायची ही पद्धत शास्त्रीय नियतकालिकात मांडली. तेव्हापासून हिचा अभ्यास भरपूर झाला आहे. जेलमध्ये १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड असतं. तोंडात त्याचं युरिया आणि साधारण साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड होतं, म्हणजे खुर्चीतल्या औषधाच्या दहाव्या हिश्श्याएवढं. ते इनॅमलमधून आत शिरतं आणि रंग देणाऱ्या मोठ्या रेणूंचे तुकडे करतं. दात खरवडला जात नाही. इनॅमलचा पृष्ठभाग थोडा मऊ होतो, पण लाळेतलं कॅल्शियम आणि पेस्टमधलं फ्लोराइड तो सावरून घेतं, अट एवढीच की मध्ये उसंत द्यायची.

डॉक्टर वरच्या आणि खालच्या दातांचं माप घेतो, त्यावरून पातळ, लवचिक ट्रे बनतात. ट्रे हिरडीवर रुतता कामा नये. टोचत असेल तर कड कापून घ्या. सुरुवात फक्त वरच्या दातांपासून करा. खालचे दात तसेच राहतात आणि किती फरक पडला हे मोजायला ती तुमची घरचीच पट्टी होते.

रात्री ब्रश आणि फ्लॉस करा. ट्रे कोरडा पुसा. पुढच्या सहा किंवा आठ दातांच्या खाचेत, ओठाकडच्या बाजूला, प्रत्येकी तांदळाच्या दाण्याएवढा थेंब टाका. खाच भरून टाकायची नाही. ट्रे बसवल्यावर हिरडीवर आलेलं जेल बोटाने किंवा मऊ ब्रशने पुसून टाका. रात्रभर ठेवता येतं. झोपेत नको असेल तर संध्याकाळी दोन ते चार तास पुरे, कारण जेलची निम्म्याहून जास्त ताकद पहिल्या दोन तासांनंतरही शिल्लक असते. काढल्यावर ट्रे गार पाण्याने धुवा. गरम पाण्याने तो वाकडा होतो आणि मग कधीच नीट बसत नाही. जेल फ्रिजमध्ये ठेवा. मे महिन्यात विदर्भात कपाटात ठेवलेलं जेल लवकर निकामी होतं.

दातातून वीज गेल्यासारखी सणक बसली तर ती बहुतेकदा दोन-चार दिवसांत जाते, कारण पेरॉक्साइड काही मिनिटांतच नसेपर्यंत पोचतं आणि नस थोडी चिडते. उपाय तीन आहेत: एक दिवसाआड लावा, वेळ कमी करा, आणि ५ टक्के पोटॅशियम नायट्रेट असलेली संवेदनशील दातांची पेस्ट ट्रेमध्ये जेलऐवजी घालून दहा ते तीस मिनिटं ठेवा. ज्यांना आधीपासूनच गार झोंबतं त्यांनी हीच पेस्ट दोन आठवडे आधीपासून ब्रशला लावावी. लवकर संपावं म्हणून जास्त ताकदीचं जेल घेणं हा उलटा मार्ग आहे. एकाच दातात सतत ठणका लागला, रात्री झोपेतून जाग आली, तर थांबा. तिथे कीड किंवा तडा असू शकतो.

एक उदाहरण, तारखांसकट

सत्तावीस वर्षांची मुलगी, लग्न फेब्रुवारीच्या अखेरीस. दिवसाला चार-पाच कप चहा. वरचा डावा पुढचा दात शाळेत असताना पडून कोपऱ्याला तुटला होता, तिथे दाताच्या रंगाचं सिमेंट भरलेलं. तिला हवं होतं लग्नाच्या आदल्या आठवड्यात एका बैठकीत सगळं उरकणं.

तसं केलं असतं तर काय झालं असतं? दात उजळले असते, पण सिमेंटचा कोपरा पिवळाच राहिला असता, फोटोत अगदी मधोमध. सिमेंट, कॅप, व्हिनीअर यांवर पेरॉक्साइडचा परिणाम होत नाही. आणि ब्लीचिंगनंतर लगेच नवं सिमेंटही भरता येत नाही, कारण दातात उरलेल्या ऑक्सिजनमुळे ते नीट चिकटत नाही. किमान दोन आठवडे थांबावं लागतं.

म्हणून तारखा मागून मोजल्या. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तपासणी, मार लागलेल्या दाताचा एक्स-रे आणि स्केलिंग. नस जिवंत होती. एका दाढेतली कीड भरली, कारण उघड्या किडीत पेरॉक्साइड गेलं तर कळ सहन होत नाही. दहा दिवसांनी हिरड्या शांत झाल्यावर खिडकीपाशी रंगपट्टी लावून नोंद केली: पुढचे दात ए३, सुळे ए३.५. दवाखान्यातल्या या पट्टीत ए म्हणजे तांबूस-तपकिरी छटा, बी पिवळसर, सी राखाडी. आकडा वाढेल तसा रंग गडद. ए आणि बी छान उजळतात, सी हट्टी असतो.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ट्रे मिळाले आणि वरच्या दातांना सुरुवात झाली. चौथ्या रात्रीनंतर सणक आली, मग एक दिवसाआड. पहिल्या आठवड्यात पुढचे चार दात उजळले आणि सुळे मागे राहिले, त्यामुळे ते उलट जास्त पिवळे भासू लागले. या टप्प्यावर लोक बिघडलं समजून सोडून देतात. सुळ्यांना आणि हिरडीलगतच्या भागाला वेळ लागतोच. नंतरच्या रात्री तिने सुळ्यांच्या खाचेतच जेल घातलं. जानेवारीच्या मध्यापर्यंत वरचे दात ए१च्या जवळ आले, आणि पुढे चार रात्री काहीच बदल दिसला नाही, म्हणून तिथे थांबवलं. खालच्यांना त्यानंतर दहा-बारा रात्री. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, वरच्या दातांना चार आठवडे उलटल्यावर, कोपऱ्याचं सिमेंट नव्या रंगाला जुळवून बदललं.

चहा तिने सोडला नाही. ट्रे काढल्यावर तासभर नाही, आणि दिवसभर घोट घोट घेण्याऐवजी दोनदा बसून, एवढंच ठरवलं. मधूनमधून कपाला तोंड लावत राहण्यापेक्षा एकदा पिऊन चूळ भरणं दातांना बरं.

कुठे थांबायचं

साधारण अंदाज म्हणून स्वतःच्या डोळ्यांचा पांढरा भाग बघा. दात त्याहून पांढरे झाले की चेहऱ्यावर उपरे दिसतात. चार-पाच रात्रींत रंगपट्टीवर फरक पडला नाही तर दाताची मर्यादा आली, पुढे जेल वाया आणि सणक मोफत. पुढच्या दातांची खालची कड काचेसारखी पारदर्शक, निळसर दिसायला लागली तर इनॅमल तिथे पातळ आहे किंवा तुम्ही अती केलं आहे; जेल बंद करून दाखवून घ्या. हिरडीवर पांढरा, झोंबणारा चट्टा आला तर जेल जास्त पडलं. एक-दोन दिवस विश्रांती दिली की तो जातो.

गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या आयांनी हे पुढे ढकलावं. १८ वर्षांखालच्या मुलांनाही नको. हिरड्यांतून रक्त येत असेल, मुळं उघडी पडली असतील, तर आधी त्यावर उपचार. मुळावर इनॅमल नसतंच, त्यामुळे तो भाग उजळत नाही, फक्त दुखतो.

खर्चाची काळजी असेल तर तपासणी आणि स्केलिंगसाठी सरकारी दंत महाविद्यालयं आहेत: मुंबईत सीएसएमटीजवळचं आणि महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोव्यात बांबोळी. ब्लीचिंग त्यांच्याकडे होतं का, हे तिथल्या संबंधित विभागात विचारा.

रंग हळूहळू उतरतो, साधारण एक ते तीन वर्षांत. तेव्हा सगळं पहिल्यापासून करायचं नाही. स्केलिंग करून घ्या, जुने ट्रे अजून नीट बसतात का बघा, नवीन जेलची एक सिरिंज आणा आणि दोन-तीन रात्री लावा. म्हणून ट्रे डबीत जपून ठेवा. मधल्या काळात नवीन सिमेंट किंवा कॅप बसवली असेल तर ट्रे बसणार नाही, नवं माप द्यावं लागेल. आणि त्या वेळी एकच दात इतरांपेक्षा गडद दिसला तर ट्रे बाजूला ठेवून आधी त्याचा एक्स-रे काढा.